‘इफ यू विल सेंड’ कुठे चुकते आणि कुठे चालते

प्रश्न: मी खरेदी विभागात काम करते आणि दिवसभर इतर विभागांतल्या सहकाऱ्यांना इंग्रजीत मेल लिहिते. ‘इफ यू विल सेंड द रेट शीट टुडे, आय विल चेक इट टुमॉरो’ असे मी एकदा लिहिले, तेव्हा आमच्या वरिष्ठांनी त्यातला पहिला ‘विल’ खोडला आणि ‘इफनंतर विल येत नाही’ असे सांगितले. तेव्हापासून मी तो कटाक्षाने टाळते. गेल्या आठवड्यात ‘प्लीज कन्फर्म इफ यू अटेंड द मंडे कॉल’ असे लिहिले, तर त्याच वरिष्ठांनी त्यात ‘विल’ घालून दिला. मग नियम नेमका कोणता? सोबत माझा एक मसुदा जोडला आहे, त्यात काय चुकले तेही सांगावे.
— एक गोंधळलेली वाचक

उत्तर: तुमच्या वरिष्ठांच्या दोन्ही दुरुस्त्या बरोबर आहेत. चुकला आहे तो त्यांनी घाईत सांगितलेला नियम. ‘इफनंतर विल येत नाही’ हे वाक्य शाळेत पाठ करायला सोपे असले, तरी ते अर्धेच खरे आहे, कारण इंग्रजीत ‘इफ’ हा एकच शब्द दोन वेगळी कामे करतो आणि त्यांपैकी एकाच कामात ‘विल’ला मज्जाव आहे. मराठीत या दोन कामांसाठी दोन वेगळ्या रचना आहेत, त्यामुळे हा गोंधळ सोडवण्यासाठी इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा आपलीच भाषा अधिक उपयोगी पडते.

पहिले काम अटीचे. ‘तुम्ही दरपत्रक पाठवलेत तर मी ते तपासेन’ या वाक्यात पाठवणे ही अट आहे आणि तपासणे हा तिच्यावर अवलंबून असलेला परिणाम. दुसरे काम अप्रत्यक्ष प्रश्नाचे. ‘तुम्ही सोमवारच्या कॉलला येणार आहात का, ते कळवा’ या वाक्यात कशावरही काही अवलंबून नाही. इथे फक्त एक प्रश्न विचारला आहे आणि त्याचे उत्तर हो किंवा नाही असे हवे आहे. मराठीत पहिल्या वाक्यात ‘तर’ आहे आणि दुसऱ्यात ‘का’ किंवा ‘की नाही’ आहे. इंग्रजी दोन्ही ठिकाणी ‘इफ’ वापरते आणि म्हणून नवख्या लेखकाला दोन्ही वाक्ये एकाच जातीची वाटतात.

तेव्हा मेल लिहिताना ‘इफ’पाशी थांबून ते वाक्य मनातल्या मनात मराठीत म्हणून पाहावे. ‘तर’ आला, तर ‘इफ’च्या भागात साधा वर्तमानकाळ वापरावा आणि ‘विल’ फक्त परिणामाच्या भागात ठेवावा: ‘इफ यू सेंड द रेट शीट टुडे, आय विल चेक इट टुमॉरो.’ ‘का’ किंवा ‘की नाही’ आले, तर भविष्याबद्दलचा प्रश्न भविष्यकाळातच विचारावा: ‘प्लीज कन्फर्म इफ यू विल अटेंड द मंडे कॉल.’ याची इंग्रजीतली पडताळणीही सोपी आहे. ‘इफ’च्या जागी ‘व्हेदर’ घालून वाक्य बसते का ते पाहावे. ‘प्लीज कन्फर्म व्हेदर यू विल अटेंड’ हे चपखल बसते. ‘व्हेदर यू सेंड द रेट शीट, आय विल चेक इट’ हे कानाला लगेच खटकते. ‘व्हेदर’ बसत असेल तिथे ‘विल’ला हरकत नाही.

आता पहिल्या प्रकारात ‘विल’ का नको, याचे कारण पाहू, कारण नुसता नियम पाठ केला की तो घाईत विसरतो. तुम्ही मराठीत रोज काय बोलता ते आठवा. ‘उद्या पाऊस पडला तर आपण जाणार नाही.’ उद्याची गोष्ट आहे, पाऊस अजून पडलेला नाही, तरी आपण ‘पडला’ हे भूतकाळी रूप वापरतो आणि कोणालाही ते विचित्र वाटत नाही. अट मांडताना ती पूर्ण झाली असे क्षणभर धरून चालायचे आणि मग पुढचा परिणाम सांगायचा, अशी आपली रीत आहे. इंग्रजी नेमके हेच करते, फक्त तिथे भूतकाळी रूपाऐवजी वर्तमानकाळी रूप येते. अट एकदा धरून चाललो की ती भविष्यात आहे हे पुन्हा सांगण्याची गरज दोन्ही भाषांना वाटत नाही. ते काम परिणामाच्या भागातला ‘तपासेन’ किंवा ‘विल चेक’ एकटा करतो.

मग मराठी माणसाच्या हातून ‘इफ यू विल सेंड’ येते कुठून? माझ्या मते दोन वाटांनी. एक वाट हिंदीची आहे. ‘अगर आप भेजेंगे तो मैं देखूँगा’ अशी दोन्हीकडे भविष्यकाळ असलेली वाक्ये आपण सतत ऐकतो आणि तो साचा इंग्रजीत उतरतो. दुसरी वाट मराठीचीच आहे आणि ती अधिक फसवी आहे. विनंती करताना आपणही ‘पाठवलेत तर’ ऐवजी ‘तुम्ही आज पाठवाल तर बरे होईल’ असे म्हणतो. या ‘पाठवाल’मध्ये आर्जव आहे, थोडी विनवणी आहे. ते आर्जव इंग्रजीत नेण्यासाठी लेखक ‘विल’ला सोबत नेतो. म्हणूनच ही चूक मला अहवालांत क्वचित दिसते आणि सहकाऱ्यांना केलेल्या विनंत्यांत सारखी दिसते. चूक करणारा निष्काळजी नसतो; तो बहुधा नम्रपणे लिहायचा प्रयत्न करत असतो.

दुर्दैवाने परिणाम कधी कधी उलटा होतो आणि तुमच्यासारख्यांनी सर्वांत जपायला हवी अशी जागा हीच आहे. ‘विल’ हे सहायक क्रियापद मुळात इच्छा दाखवणाऱ्या जुन्या क्रियापदापासून आले आहे. त्याच कुळातल्या जर्मन भाषेत ‘इश विल’ म्हणजे आजही ‘मला हवे आहे’. आजच्या इंग्रजीत ‘विल’ मुख्यतः भविष्य दाखवतो, पण अटीच्या ‘इफ’नंतर भविष्यासाठी तो लागत नसल्यामुळे तिथे तो दिसला की मुरलेला वाचक जुना अर्थ काढतो: तयारी, राजीखुशी किंवा हट्ट. ‘इफ यू विल सेंड द शीट’ हे त्याला ‘तुमची पाठवायची तयारी असेल तर’ असे ऐकू येते. होकारार्थी वाक्यात यातून फारसे काही बिघडत नाही. पण नकारार्थी वाक्य घ्या: ‘इफ यू विल नॉट सेंड द शीट बाय थर्सडे, आय विल इन्फॉर्म द मॅनेजर.’ लिहिणाऱ्याला म्हणायचे असते, ‘गुरुवारपर्यंत पत्रक आले नाही तर मी व्यवस्थापकांना कळवेन.’ वाचणाऱ्याला कळते, ‘तुम्ही पत्रक पाठवायला नकारच देणार असाल, तर मी व्यवस्थापकांकडे जाईन.’ साधी सूचना तक्रारीच्या सुरात पोहोचते. ‘इफ यू डू नॉट सेंड’ असे लिहिले की हा आरोप गळून पडतो आणि उरते ती फक्त वेळेची गोष्ट. एका ओळखीच्या सहकाऱ्याने असे एक वाक्य दुसऱ्या देशातल्या कार्यालयाला पाठवले होते, तेव्हा तिकडून ‘आम्ही कधीही नकार दिलेला नाही’ असे तुटक उत्तर आले. त्याला बरेच दिवस कळले नाही की नकाराचा विषय काढला कोणी.

हाच इच्छेचा अर्थ काही ठिकाणी मुद्दाम आणि योग्य रीतीने वापरला जातो, म्हणूनच सरसकट बंदी घालणे मला पटत नाही. ‘इफ यू विल वेट अ मोमेंट, आय विल गेट द फाइल’ हे शुद्ध इंग्रजी आहे. त्याचा अर्थ ‘क्षणभर थांबायची कृपा कराल, तर मी फाइल आणतो’ असा होतो. तुमच्या ‘पाठवाल तर बरे होईल’शी याचे जवळचे नाते आहे. पण हा प्रयोग आता बोलण्यात आणि समोरासमोरच्या औपचारिक विनंतीत अधिक आढळतो. मेलमध्ये तो जुन्या वळणाचा वाटतो आणि वाचणाऱ्याला ती मुद्दाम केलेली नम्रता आहे की नेहमीची चूक आहे, हे ठरवता येत नाही. आर्जव हवेच असेल तर त्यासाठी ‘वुड’ची रचना वापरावी: ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ यू वुड सेंड द शीट बाय थर्सडे’, किंवा ‘वुड’च्या जागी ‘कुड’. हे दोन्ही पूर्ण निर्दोष आहेत आणि तुम्ही मराठीतून आणू पाहत होतात ते आर्जव त्यांत नेमके उतरते. इथे दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिला भाग ‘वुड’ने सुरू करून दुसऱ्यात ‘विल’ घालू नये. ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ यू विल सेंड’ हे अर्धे एका साच्यातले आणि अर्धे दुसऱ्यातले वाक्य होते. आणि ‘अप्रिशिएट’ हे क्रियापद घेतले तर त्यानंतर ‘इट’ हवे: ‘आय वुड अप्रिशिएट इट इफ यू कुड सेंड.’ मराठीत त्या ‘इट’ला काही जागा नसल्यामुळे ते आपल्याकडून हमखास गळते.

अटीतला ‘विल’ योग्य ठरण्याची आणखी एक जागा आहे आणि ती कामाच्या पत्रव्यवहारात येते. ‘इफ इट विल हेल्प, आय विल सेंड यू द ओल्ड शीट टू.’ इथे नीट पाहिले तर आधी पाठवणे होते आणि मग मदत होते. ‘इफ’च्या भागात असलेली गोष्ट ही अट नसून दुसऱ्या भागातल्या कृतीचा परिणाम आहे. मराठीत आपण ‘मदत झाली तर जुने पत्रक पाठवते’ असे म्हणत नाही, ‘मदत होणार असेल तर पाठवते’ असे म्हणतो. हा ‘णार असेल’ लक्षात ठेवण्यासारखा आहे. जिथे मराठीत ‘-ला, -ली, -ले तर’ सहज येते तिथे साधा वर्तमानकाळ येतो. जिथे ‘णार असेल तर’ म्हटल्याशिवाय अर्थच लागत नाही, तिथे ‘विल’ किंवा ‘गोइंग टू’ला वाव असतो. ‘तुम्ही आजच पत्रक पाठवणार असाल, तर मी थांबते’ हे ‘इफ यू आर गोइंग टू सेंड द शीट टुडे, आय विल वेट’ असे होते, कारण इथे अट पाठवण्याची नाही, पाठवण्याच्या बेताची आहे. माणसाच्या बेताबद्दल बोलताना ‘गोइंग टू’ घेणे अधिक सुरक्षित आहे, म्हणजे हट्टाचा किंवा तयारीचा अर्थ मध्ये येत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या वाक्याकडे, म्हणजे खातरजमेच्या वाक्याकडे वळते. ‘विल’ टाळण्याच्या भरात तुम्ही लिहिलेले ‘प्लीज कन्फर्म इफ यू अटेंड’ हे नुसते कानाला खटकत नाही, त्याचा अर्थही बदलतो. ‘लेट मी नो इफ यू सेंड द शीट’ आणि ‘लेट मी नो इफ यू विल सेंड द शीट’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवा. पहिल्याचा अर्थ ‘पत्रक पाठवलेत तर मला कळवा’ असा होतो. पाठवले नाही तर काहीच कळवायचे नाही. मौन हेही उत्तर धरले जाईल. दुसऱ्याचा अर्थ ‘पत्रक पाठवणार की नाही ते कळवा’ असा होतो, म्हणजे उत्तर दोन्ही बाजूंनी यायला हवे. तुम्ही सोमवारच्या कॉलसाठी माणसे मोजत असाल आणि पहिल्या प्रकारचे वाक्य लिहिले, तर उत्तर न आलेल्यांनी नकार दिला आहे की मेल उघडलाच नाही, हे कळायला मार्ग नाही. एका ‘विल’ने इतका फरक पडतो.

म्हणून खातरजमा करताना मी स्वतः ‘इफ’ बाजूला ठेवते आणि ‘व्हेदर’ लिहिते. ‘प्लीज कन्फर्म व्हेदर यू विल अटेंड’ याचे दोन अर्थ होऊच शकत नाहीत. रोजच्या व्यवहारात त्याहून सहज वाटणारा पर्याय म्हणजे ‘व्हेदर यू आर अटेंडिंग’. ठरलेल्या भेटींसाठी इंग्रजीत चालू वर्तमानकाळ सर्रास वापरतात आणि त्यात ‘विल’चा प्रश्नच उरत नाही. याउलट ‘प्लीज कन्फर्म दॅट यू विल अटेंड’ हे वेगळे वाक्य आहे. त्यात तुम्ही येणार हे गृहीत धरले आहे आणि फक्त शिक्का मारून मागितला आहे. आधी होकार दिलेल्या सहकाऱ्याला ‘दॅट’ योग्य आहे. ज्याला पहिल्यांदाच विचारत आहात, त्याला ‘दॅट’ लिहिले तर तुम्ही त्याच्या वतीने निर्णय घेऊन मोकळ्या झालात असे त्याला वाटेल.

सगळ्याच क्रियापदांशी इतके काटेकोर असायचे कारण नाही. ‘नीड’, ‘वाँट’, ‘हॅव’ यांसारखी स्थिती सांगणारी क्रियापदे वर्तमानकाळातही बिनतक्रार चालतात. ‘लेट मी नो इफ यू नीड द ओल्ड शीट’ हे अगदी नेहमीचे आणि बरोबर वाक्य आहे, कारण गरज आत्ताही असू शकते. अडचण येते ती ‘सेंड’, ‘अटेंड’, ‘अप्रूव्ह’, ‘रिप्लाय’ अशा एका क्षणी घडणाऱ्या कृतींबाबत, आणि सहकाऱ्यांकडे आपण मागतो त्या बहुतेक गोष्टी नेमक्या याच असतात.

‘इफ’ला लागू असलेले बरेचसे ‘व्हेन’लाही लागू आहे आणि इथेही मराठी आपल्याला आयती मदत करते. ‘पाठवल्यावर मला कळवा’ म्हणजे ‘लेट मी नो व्हेन यू सेंड इट’ किंवा ‘व्हेन यू हॅव सेंट इट’. ‘केव्हा पाठवाल ते कळवा’ म्हणजे ‘लेट मी नो व्हेन यू विल सेंड इट’. पहिल्यात पाठवणे झाल्यावर निरोप हवा आहे, दुसऱ्यात आत्ताच तारीख हवी आहे. ‘-ल्यावर’ आले की ‘विल’ नाही, ‘केव्हा’ आले की ‘विल’ चालतो. ‘वन्स’ आणि ‘ॲज सून ॲज’ यांना प्रश्नाचा अर्थ कधीच नसतो, म्हणून त्यांच्यामागे ‘विल’ कधीच येत नाही: ‘आय विल प्लेस द ऑर्डर ॲज सून ॲज आय रिसीव्ह युअर अप्रूव्हल.’ या दोघांच्या बाबतीत मात्र तुमच्या वरिष्ठांचा नियम जसाच्या तसा पाळावा.

तुम्ही जोडलेला मसुदा असा आहे:

> इफ यू विल सेंड द रिवाइज्ड रेट शीट बाय थर्सडे, आय विल चेक इट ऑन फ्रायडे. व्हेन द मॅनेजर विल अप्रूव्ह इट, आय विल इन्फॉर्म यू. इफ देअर विल बी एनी चेंज इन द क्वांटिटी, काइंडली टेल मी इफ यू सेंड अ न्यू शीट. वी कॅनॉट प्लेस द ऑर्डर अंटिल यू विल नॉट कन्फर्म.

पहिल्या वाक्यात ‘विल’ जावा, हे आता वेगळे सांगायला नको. पण तो काढल्यावरही माझी एक शंका उरते. गुरुवारपर्यंत पत्रक यायलाच हवे आहे, की आले तर तपासू असे म्हणायचे आहे? मसुद्याच्या शेवटच्या वाक्यावरून तर पत्रकाशिवाय काम अडणार असे दिसते. मग ती अट नाही, विनंती आहे, आणि विनंतीला ‘इफ’च्या आड लपवण्यात अर्थ नाही. ‘प्लीज सेंड द रिवाइज्ड रेट शीट बाय थर्सडे. आय विल चेक इट ऑन फ्रायडे’ असे दोन सरळ भाग केले की काय हवे, केव्हा हवे आणि पुढे काय होईल हे तिन्ही स्पष्ट होते आणि व्याकरणाची अडचणही उरत नाही. तुमच्या जुन्या मेलांत जितक्या ठिकाणी ‘इफ यू विल’ आहे, त्यांतली बरीच ठिकाणे खरे तर अशी ‘प्लीज’ची असतील असा माझा अंदाज आहे. आपल्याला थेट मागणे उद्धटपणाचे वाटते. कामाच्या इंग्रजीत ‘प्लीज’ आणि वार सांगून केलेली थेट मागणी सभ्यच मानली जाते.

दुसऱ्या वाक्यात व्यवस्थापकांच्या मंजुरीनंतरची गोष्ट आहे, म्हणजे ‘-ल्यावर’: ‘वन्स द मॅनेजर हॅज अप्रूव्ह्ड इट, आय विल इन्फॉर्म यू.’ इथे ‘अप्रूव्ह्ज’ही चालले असते, पण मंजुरी पूर्ण झाल्यानंतरच कळवायचे आहे हे ‘हॅज अप्रूव्ह्ड’ने नीट ठसते.

तिसऱ्या वाक्यात एकाच वेळी दोन्ही चुका आहेत आणि त्या परस्परांच्या उलट आहेत, म्हणून मला हे वाक्य विशेष आवडले. पहिला ‘इफ’ अटीचा आहे, ‘प्रमाणात काही बदल झाला तर’, म्हणून तिथला ‘विल बी’ काढून ‘इफ देअर इज एनी चेंज’ असे हवे. दुसरा ‘इफ’ प्रश्नाचा आहे, ‘नवे पत्रक पाठवणार का ते सांगा’, म्हणून तिथे ‘विल’ हवा: ‘प्लीज टेल मी व्हेदर यू विल सेंड अ न्यू शीट.’ जिथे नको तिथे आहे आणि जिथे हवा तिथे नाही. मराठीत तेच वाक्य म्हणून पाहिले असते, तर ‘तर’ आणि ‘का’ यांनी दोन्ही जागा आपोआप दाखवल्या असत्या.

चौथे वाक्य सर्वांत धोक्याचे. ‘तुम्ही खातरजमा करत नाही तोपर्यंत आम्ही मागणी नोंदवू शकत नाही’ हे मराठीत बिनचूक आहे. आपल्याकडे ‘जोपर्यंत’सोबत नकार येतो आणि तो नकार ‘अंटिल’सोबत जसाच्या तसा उचलला जातो. इंग्रजीत ‘अंटिल’च्या पोटात तो नकार आधीच सामावलेला आहे. वर पुन्हा ‘नॉट’ घातले की ‘तुम्ही खातरजमा करायला नकार देईपर्यंत आम्ही थांबू’ असा भलताच अर्थ निघतो. ‘वी कॅनॉट प्लेस द ऑर्डर अंटिल यू कन्फर्म’ एवढेच पुरे. ‘अनलेस’चेही असेच आहे. ‘अनलेस’ म्हणजेच ‘नाही तर’, त्यामुळे ‘अनलेस यू डोन्ट कन्फर्म’ लिहिणे म्हणजे नकारावर नकार चढवणे.

तर मसुदा असा होतो:

> प्लीज सेंड द रिवाइज्ड रेट शीट बाय थर्सडे. आय विल चेक इट ऑन फ्रायडे, अँड वन्स द मॅनेजर हॅज अप्रूव्ह्ड इट, आय विल इन्फॉर्म यू. इफ देअर इज एनी चेंज इन द क्वांटिटी, प्लीज टेल मी व्हेदर यू विल सेंड अ न्यू शीट. वी कॅनॉट प्लेस द ऑर्डर अंटिल यू कन्फर्म.

चार ओळींत ‘विल’ तीन वेळा आला आहे आणि एकदाही अटीच्या भागात नाही.

होऊन गेलेल्या गोष्टीबद्दल लिहिताना हीच चूक वेगळ्या वेशात येते, तेवढी सांगून ठेवते. ‘तुम्ही आधी कळवले असते तर मी दर बदलले असते’ या मराठी वाक्यात दोन्हीकडे ‘असते’ आहे आणि त्या जोडीमुळे आपण दोन्हीकडे ‘वुड हॅव’ लिहितो: ‘इफ यू वुड हॅव टोल्ड मी अर्लियर, आय वुड हॅव चेंज्ड द रेट्स.’ इंग्रजीत अटीच्या बाजूला ‘हॅड’ हवे: ‘इफ यू हॅड टोल्ड मी अर्लियर.’ काही इंग्रजी भाषकांच्याही बोलण्यात ‘इफ यू वुड हॅव’ ऐकू येते, पण लेखी व्यवहारात ते चूकच धरले जाते. आणि व्याकरण सुधारले तरी हे वाक्य सहकाऱ्याला दोष देणारेच राहते, तेव्हा ते पाठवायचे का, याचा विचार आधी करावा.

खरेदी विभागात असल्यामुळे तुमच्या हाताखालून जुने करारही जात असतील आणि त्यांत ‘इफ द सप्लायर शॅल फेल टू डिलिव्हर’ अशी वाक्ये दिसत असतील. ती चूक नाही, ती जुन्या कायदेशीर इंग्रजीची शैली आहे. 1787 साली लिहिलेल्या अमेरिकी राज्यघटनेतही, राष्ट्राध्यक्षांनी विधेयक दहा दिवसांत परत न केल्यास काय व्हावे हे सांगताना, ‘इफ एनी बिल शॅल नॉट बी रिटर्न्ड’ अशीच रचना आहे. आजच्या इंग्रजीत ही पद्धत मागे पडली आहे. कराराचा मजकूर उद्धृत करायचा असेल तर तो आहे तसाच ठेवावा, पण त्याच कराराबद्दल सहकाऱ्याला मेल लिहिताना ‘इफ द सप्लायर फेल्स’ असे लिहावे. तुमचे वरिष्ठ त्यात काही खोडणार नाहीत.